वीस मायक्रोअँपिअरची वेसण

७४१ हा ऑप-अँप इलेक्ट्रॉनिक्सच्या जवळजवळ प्रत्येक प्रयोगशाळेत सापडतो. त्याचे आउटपुट थेट उलट्या इनपुटला जोडले, की ‘व्होल्टेज फॉलोअर’ तयार होतो. सुलट्या इनपुटला जो विद्युतदाब द्यावा, तोच आउटपुटला मिळावा, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा असते. आता त्याला २० किलोहर्ट्झची, १० व्होल्ट शिखर असलेली सुबक गोलसर साइन लहर द्या आणि आउटपुट ऑसिलोस्कोपवर पाहा. तिथे साइन लहर दिसतच नाही. सरळ रेषेत चढणारी आणि तशीच सरळ उतरणारी त्रिकोणी लहर दिसते. तिचे शिखरही दहा व्होल्टपर्यंत पोहोचत नाही. साधारण सहा-सव्वासहा व्होल्टलाच ती माघारी वळते.

तीच वारंवारता ठेवून इनपुट फक्त १ व्होल्टपर्यंत कमी केले, तर आउटपुटला पुन्हा निर्दोष साइन लहर येते. म्हणजे २० किलोहर्ट्झ ७४१ला झेपत नाही असे नाही, आणि १० व्होल्ट झेपत नाहीत असेही नाही. दोन्ही एकत्र आले की मात्र तो मागे पडतो, कारण त्याच्या आउटपुटला बदलण्याच्या वेगाची मर्यादा आहे. ही मर्यादा म्हणजे स्लू रेट. आउटपुट एका मायक्रोसेकंदात जास्तीत जास्त किती व्होल्ट बदलू शकते, ते हा आकडा सांगतो. ७४१च्या माहितीपत्रकात तो साधारण ०.५ व्होल्ट प्रति मायक्रोसेकंद दिलेला असतो.

वरच्या त्रिकोणाचा हिशेब या आकड्याने लगेच जुळतो. साइन लहर शून्यावरून जाताना सर्वांत वेगाने बदलते आणि तिथला वेग 2πfV इतका असतो. २० किलोहर्ट्झ आणि १० व्होल्टसाठी तो १.२६ व्होल्ट प्रति मायक्रोसेकंद भरतो, म्हणजे ७४१च्या क्षमतेच्या अडीचपट. आउटपुट मग आपल्या कमाल वेगाने नुसते धावत राहते. लहरीचा पाव भाग १२.५ मायक्रोसेकंदांचा असतो. तेवढ्या वेळात ०.५च्या वेगाने ६.२५ व्होल्टच गाठता येतात. पडद्यावर शिखर दिसते ते तिथेच.

हा ०.५ कुठून आला, हे चिपच्या आत डोकावल्याशिवाय कळत नाही. आत पाहिले तर त्याचे मूळ दोनच गोष्टींत सापडते: एक अगदी लहान विद्युतप्रवाह आणि एक कॅपॅसिटर.

७४१ फेअरचाइल्ड कंपनीने १९६८मध्ये बाजारात आणला. त्याची रचना डेव्हिड फुलागर यांची. त्याआधीचा बॉब विडलर यांचा ७०९ वापरायचा, तर बाहेरून रेझिस्टर आणि कॅपॅसिटर जोडून तो स्थिर करावा लागे. विडलर यांनीच पुढे नॅशनल सेमीकंडक्टरमध्ये केलेल्या एलएम१०१ला बाहेरून ३० पिकोफॅरडचा एकच कॅपॅसिटर पुरत असे. फुलागर यांनी हा ३० पिकोफॅरड चिपच्या आतच बसवला. वापरणाऱ्याला बाहेरून काहीच जोडावे लागेना, आणि ७४१ घरोघरी पोहोचला.

या चिपचे दोन मुख्य टप्पे आहेत. पहिला टप्पा दोन इनपुटमधला फरक ओळखतो आणि त्या फरकाच्या प्रमाणात विद्युतप्रवाह पुढे पाठवतो. दुसरा टप्पा त्या प्रवाहापासून मोठा विद्युतदाब तयार करतो. त्यानंतरचा आउटपुट भाग फक्त भार पेलण्यासाठी असतो. आपला ३० पिकोफॅरडचा कॅपॅसिटर दुसऱ्या टप्प्याच्या इनपुट आणि आउटपुटच्या मध्ये बसलेला आहे. त्याला कॉम्पेन्सेशन कॅपॅसिटर म्हणतात.

पहिल्या टप्प्यात ट्रान्झिस्टरच्या दोन समान बाजू आहेत आणि दोघींना मिळून एकाच ठिकाणाहून ठरावीक प्रवाह पुरवला जातो. हाच टेल करंट. ७४१मध्ये तो साधारण १९ मायक्रोअँपिअर असतो. दोन्ही इनपुट सारखे असले, की प्रत्येक बाजूला साडेनऊ मायक्रोअँपिअर जातात. एक इनपुट किंचित वर गेले, की त्या बाजूचा वाटा थोडा वाढतो आणि दुसरीचा तेवढाच घटतो. दोन्ही बाजूंमधला हा फरक करंट मिररच्या मदतीने दुसऱ्या टप्प्याकडे जातो. फरक थोडा असेल तर प्रवाहही थोडा. इथवर सगळे प्रमाणात चालते.

इनपुटने एकदम काही व्होल्टची उडी मारली, तर मात्र हे प्रमाण संपते. आउटपुट अजून जागचे हललेले नसते, त्यामुळे दोन इनपुटमध्ये मोठी तफावत पडते. सगळाच्या सगळा टेल करंट एका बाजूने वाहू लागतो आणि दुसरी बाजू बंद पडते. आता इनपुटचा फरक एक व्होल्ट असो की दहा, दुसऱ्या टप्प्याला १९ मायक्रोअँपिअरहून अधिक प्रवाह मिळूच शकत नाही, कारण पहिल्या टप्प्याकडे याहून जास्त काही नसतेच.

हा प्रवाह कुठे जातो? दुसऱ्या टप्प्याला स्वतःच्या इनपुटसाठी अत्यल्प प्रवाह लागतो. त्यामुळे जवळजवळ सगळा प्रवाह ३० पिकोफॅरडच्या कॅपॅसिटरमध्ये शिरतो. ठरावीक धारेच्या नळाखाली उभी टाकी ठेवली, तर पाण्याची पातळी एकाच वेगाने चढते, तसेच इथे होते. कॅपॅसिटरवरचा विद्युतदाब स्थिर वेगाने वाढतो. त्याचे एक टोक दुसऱ्या टप्प्याच्या इनपुटला असते आणि ते जवळजवळ हलत नाही. साहजिकच दुसरे टोक, म्हणजे आउटपुट, त्याच वेगाने सरकते.

आकडे घालून पाहू. १९ मायक्रोअँपिअर प्रवाह एका मायक्रोसेकंदात १९ पिकोकूलंब विद्युतभार वाहून नेतो. ३० पिकोफॅरडच्या कॅपॅसिटरवरचा दाब एक व्होल्टने वाढवायला ३० पिकोकूलंब लागतात. म्हणजे एका मायक्रोसेकंदात १९ भागिले ३०, साधारण ०.६३ व्होल्ट. सूत्र एवढेच:

SR = I / C

यात I म्हणजे टेल करंट आणि C म्हणजे कॉम्पेन्सेशन कॅपॅसिटर. माहितीपत्रकातला ०.५ आणि आपला ०.६३ शेजारी शेजारी ठेवून पाहा. चिपवरचा कॅपॅसिटर आणि प्रवाह दोन्ही नगागणिक थोडे कमी-जास्त असतात, त्यामुळे हे जुळणे चांगलेच म्हणायला हवे. विसाहून अधिक ट्रान्झिस्टर असलेल्या चिपचा वेग दोन आकड्यांच्या भागाकारातून मिळतो.

सूत्र पाहिल्यावर सुचणारा पहिला उपाय म्हणजे कॅपॅसिटर लहान करणे. ३०चा ३ केला, की वेग दहापट. पण तो कॅपॅसिटर तिथे का आहे, ते आधी समजून घ्यावे लागते.

फॉलोअरमध्ये आउटपुट पुन्हा इनपुटकडे येते ते विरोधासाठी: आउटपुट जास्त झाले तर खाली ओढण्यासाठी, कमी झाले तर वर ढकलण्यासाठी. पण चिपमधल्या प्रत्येक टप्प्यात सिग्नलला थोडा उशीर होतो. वारंवारता वाढत जाते तसा हा उशीर लहरीच्या तुलनेत मोठा होत जातो. एका वारंवारतेला तर तो अर्ध्या लहरीइतका होतो. तेव्हा विरोध करायला परत आलेला सिग्नल उलट साथच देऊ लागतो. त्या वारंवारतेला प्रवर्धन एकाहून जास्त उरले असेल, तर इनपुट नसतानाही सर्किट स्वतःहून आंदोलने करू लागते. म्हणून ती वारंवारता येण्याआधीच प्रवर्धन एकाखाली आणावे लागते, आणि ते काम हा कॅपॅसिटर करतो. तो दुसऱ्या टप्प्याच्या इनपुट-आउटपुटमध्ये असल्यामुळे त्या टप्प्याच्या प्रवर्धनाने, म्हणजे साधारण पाचशे पटीने, मोठा होऊन पहिल्या टप्प्याला दिसतो. त्याच्यामुळे ७४१चे दोन लाखांच्या घरातले प्रवर्धन अवघ्या ५ हर्ट्झपासून घटू लागते आणि १ मेगाहर्ट्झला एकावर येते. ७४१च्या पहिल्या टप्प्यातले पीएनपी ट्रान्झिस्टर संथ जातीचे आहेत, त्यामुळे १ मेगाहर्ट्झच्या फार पुढे जाणे धोक्याचे होते. ३० पिकोफॅरड ठरला तो या गणितातून.

जिथे परत येणारा सिग्नल कमी असतो, तिथे मात्र कॅपॅसिटर खरोखरच लहान करता येतो. एलएम१०१च्या कुटुंबातल्या एलएम३०१एला कॅपॅसिटर बाहेरून जोडायचा असतो. फॉलोअरसाठी ३० पिकोफॅरड लागतात. पण दहापट प्रवर्धनाच्या सर्किटमध्ये आउटपुटचा दहावाच भाग परत येतो, म्हणून माहितीपत्रकातल्या नियमाप्रमाणे ३ पिकोफॅरड पुरतात. टेल करंट तोच असतो आणि कॅपॅसिटर दहापट लहान, त्यामुळे स्लू रेट साधारण दहापट वाढतो. ७४१मध्ये कॅपॅसिटर आत बंद आहे. दहापट प्रवर्धनासाठी वापरला तरी तो फॉलोअरसाठीची किंमत मोजतच राहतो.

मग दुसरा उपाय उरतो: कॅपॅसिटर तसाच ठेवून टेल करंट वाढवायचा. या विषयाचा खरा मर्म इथे आहे, आणि विद्यार्थी बहुतेक वेळा इथेच अडतात.

ट्रान्झिस्टरची जोडी इनपुटच्या फरकाला जो प्रतिसाद देते, तिची ‘धार’ म्हणा हवे तर, ती टेल करंटच्या प्रमाणातच वाढते. करंट दुप्पट केला, तर इनपुटच्या तेवढ्याच फरकाला दुप्पट प्रवाह पुढे जातो. म्हणजे प्रवर्धन एकावर येण्याची वारंवारताही दुप्पट होते, १ मेगाहर्ट्झची २ मेगाहर्ट्झ. पण संथ ट्रान्झिस्टरांमुळे तिथे जाण्याची मुभा नव्हती. स्थिरता परत आणायची, तर कॅपॅसिटर दुप्पट करावा लागतो. वर I दुप्पट, खाली C दुप्पट. भागाकार जिथल्या तिथे.

यामुळे वारंवारतेची मर्यादा एकदा ठरली, की अशा चिपचा स्लू रेटही ठरूनच जातो. या दोघांना बांधणारा दुवा म्हणजे टेल करंट भागिले पहिल्या टप्प्याची धार. हे उत्तर व्होल्टमध्ये येते. ट्रान्झिस्टरच्या साध्या जोडीत ते नेहमीच्या तापमानाला साधारण ५० मिलिव्होल्ट असते. ७४१च्या पहिल्या टप्प्यात प्रत्येक बाजूला दोन ट्रान्झिस्टर एकापाठोपाठ असल्यामुळे ते १०० मिलिव्होल्ट होते. या ०.१ व्होल्टला 2π × १ मेगाहर्ट्झने गुणा: ०.६३ व्होल्ट प्रति मायक्रोसेकंद. वेगळ्या वाटेने आपण त्याच आकड्यावर पोहोचलो, आणि या वाटेवर करंट किंवा कॅपॅसिटर यांचे नावही घ्यावे लागले नाही.

यातून बाहेर पडायचे तर करंट तसाच ठेवून धार बोथट करावी लागते. धार बोथट झाली, की तेवढ्याच वारंवारतेसाठी लहान कॅपॅसिटर चालतो आणि भागाकार वाढतो. त्यासाठी इनपुटच्या ट्रान्झिस्टरांच्या एमिटरमध्ये रेझिस्टर घालता येतात. किंवा मूळ ट्रान्झिस्टरच बदलून तिथे फील्ड-इफेक्ट ट्रान्झिस्टर बसवता येतात, कारण त्यांची धार तेवढ्याच करंटला मुळातच कमी असते. टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सचा टीएल०७१ हे याचे ठळक उदाहरण. त्याच्या मूळ माहितीपत्रकात वारंवारतेचा आकडा ३ मेगाहर्ट्झ आहे, ७४१च्या तिप्पट. स्लू रेट मात्र १३ व्होल्ट प्रति मायक्रोसेकंद, म्हणजे सव्वीसपट. आपला दुवा काढून पाहिला, तर १३ भागिले (2π × ३) म्हणजे साधारण ०.७ व्होल्ट. ७४१च्या सातपट. स्लू रेटमधल्या सव्वीसपटीतली मोठी वाढ या सातपटीने दिली आहे.

हा लाभ फुकट मिळत नाही. धार कमी झाली, की पहिला टप्पा इनपुटमधले बारीक फरक तितक्या स्पष्टपणे ओळखत नाही. दोन बाजूंमधला थोडासा असमतोल जास्त मिलिव्होल्टचा दिसतो. एमिटरमध्ये घातलेले रेझिस्टर स्वतःचा गोंगाटही सिग्नलमध्ये मिसळतात. अचूक मोजमापासाठी केलेले बरेच ऑप-अँप संथ का असतात, याचे एक कारण हेच.

प्रयोगशाळेत हे सगळे तपासायला एक ७४१, ±१५ व्होल्टचा पुरवठा, फंक्शन जनरेटर आणि ऑसिलोस्कोप पुरतो. आउटपुटची पिन ६ उलट्या इनपुटच्या पिन २ला जोडायची, पिन ७ला धन आणि पिन ४ला ऋण पुरवठा द्यायचा, आणि पिन ३ला ५ किलोहर्ट्झची, तळापासून माथ्यापर्यंत १० व्होल्टची चौकोनी लहर द्यायची. आउटपुटची उभी कडा आता तिरकी दिसेल. तिच्या १० टक्क्यांपासून ९० टक्क्यांपर्यंतच्या भागाचा उतार मोजायचा. त्या आठ व्होल्टना १६ मायक्रोसेकंद लागले, तर स्लू रेट ०.५.

पण तिरकी कडा दिसली म्हणजे कारण स्लू रेटच, असे समजू नये. वारंवारतेची मर्यादा असली तरी कडा तिरकी होते. दोन्ही वेगळे ओळखायची खूण सोपी आहे. इनपुटची उडी निम्मी करा. उतार तोच राहिला आणि वेळ निम्मा झाला, तर तो स्लू रेट. वेळ तोच राहिला आणि उतार निम्मा झाला, तर ती वारंवारतेची मर्यादा. आकारही साक्ष देतो: स्लूमध्ये कडा पट्टीने आखल्यासारखी सरळ असते, तर वारंवारतेच्या मर्यादेत ती सुरुवातीला वेगाने चढून पुढे वाकत जाते. ७४१च्या फॉलोअरला २० मिलिव्होल्टची उडी दिली, तर ती अर्ध्या मायक्रोसेकंदाच्या आसपास पूर्ण होते. त्याच चिपला १० व्होल्टच्या उडीसाठी २० मायक्रोसेकंद लागतात. या दोन वागण्यांमधली सीमा १०० मिलिव्होल्टच्या आसपास पडते, आणि तो आकडा आपण वर मोजलाच आहे.

मोजलेला आकडा अपेक्षेहून कमी आला, तर आधी पुरवठा पाहावा. ७४१मधला टेल करंट आतल्या ३९ किलोओहमच्या रेझिस्टरमधल्या प्रवाहावर बेतलेला असतो, आणि तो प्रवाह पुरवठ्याच्या दाबावर अवलंबून असतो. ±१५ व्होल्टला १९ मायक्रोअँपिअर असलेला टेल करंट ±५ व्होल्टला हिशेबाने १४च्या आसपास येतो. स्लू रेटही तेवढाच, म्हणजे साधारण पाव हिश्श्याने, घटतो. बॅटरीवर चालवलेला ७४१ आणखी संथ वाटतो त्याचे कारण हे आहे.

दुसरी पाहायची गोष्ट म्हणजे आउटपुटवरचा भार. आउटपुटला कॅपॅसिटर जोडलेला असेल, तर तोही त्याच वेगाने भरावा लागतो आणि त्यासाठीचा प्रवाह आउटपुट भागाने द्यावा लागतो. ७४१ साधारण २५ मिलिअँपिअरच्या पुढे प्रवाह देत नाही, म्हणून काही दशक नॅनोफॅरडच्या पुढे तीच अडचण होऊन बसते. मोठ्या चिपच्या आत वापरल्या जाणाऱ्या मॉसफेटच्या दोन टप्प्यांच्या ऑप-अँपमध्ये तर ही अट पहिल्यापासूनच सांभाळावी लागते. समजा टेल करंट २० मायक्रोअँपिअर, कॉम्पेन्सेशन कॅपॅसिटर २ पिकोफॅरड आणि भार १० पिकोफॅरड आहे. सूत्राने स्लू रेट १० व्होल्ट प्रति मायक्रोसेकंद येतो. पण त्या वेगाने दोन्ही कॅपॅसिटर मिळून १२ पिकोफॅरड भरायचे, तर दुसऱ्या टप्प्याला १२० मायक्रोअँपिअरचा पुरवठा हवा. तो पन्नासच ठेवला, तर एका दिशेची कडा सूत्राप्रमाणे येते आणि दुसऱ्या दिशेची अर्ध्याहूनही संथ. चढती आणि उतरती कडा वेगळ्या उताराची दिसली, की पहिला संशय इथे घ्यावा.

सर्किटसाठी ऑप-अँप निवडताना फक्त मेगाहर्ट्झचा आकडा पाहून थांबू नका. तुमच्या सिग्नलची सर्वांत मोठी वारंवारता आणि तिथले शिखर घ्या, 2πfV काढा आणि माहितीपत्रकातला स्लू रेट त्याच्या किमान दुप्पट आहे ना, ते पाहा. ७४१ला १० व्होल्ट शिखराची लहर ८ किलोहर्ट्झपर्यंतच नीट देता येते, आणि तीही काठावर. त्यापुढे जायचे असेल तर तो बाजूला ठेवा आणि टीएल०७१ घ्या.